दिवाळीसाठी एजन्सीकडून माणसं मागवताना मेसेजमध्ये काय लिहावं?

प्रश्न: कोल्हापुरात महाद्वार रोडवर माझं कपड्यांचं दुकान आहे. दिवाळीला सहा माणसं हवीत. एजन्सीला मेसेज कसा लिहू?

उत्तर: मी माणसं पुरवायच्याच कामात आहे. 'दिवाळीला सहा मुलं पाठवा, पगार किती?' असे मेसेज रोज येतात. त्यावर आमचे चार फोन होतात आणि तोवर चांगली माणसं दुसरीकडे लागलेली असतात. तुम्ही असं लिहा:

"नमस्कार. 24 ऑक्टोबर ते 8 नोव्हेंबर 2026, लक्ष्मीपूजनापर्यंत, सहा जण हवेत: चार काउंटरला साड्या दाखवायला, दोन घडी घालायला आणि गोडाऊनमधून माल आणायला. वेळ दुपारी 12 ते रात्री 9, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. प्रत्येकाला दोन साप्ताहिक सुट्ट्या आळीपाळीने, पण 5 नोव्हेंबरपासून सुट्टी नाही. हातात रोज 640 रुपये, नऊनंतर थांबल्यास तासाला 160. सगळे दिवस भरले तर शेवटच्या दिवशी 1000 रुपये जादा. तुमचं कमिशन, पीएफ, ईएसआय आणि जीएसटी वेगळे दाखवून कोटेशन द्या."

यात 'हातात' हा शब्द गाळू नका. नुसतं '640 रोज' लिहिलं तर एजन्सी त्यातूनच स्वतःचे पैसे काढू शकते, आणि मग माणसाला पाचशेच मिळतात. तो चार दिवसांत निघून जातो. 640 हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय. तुमच्या कामाचं चालू किमान वेतन बघून त्याच्या खाली जाऊ नका.

खर्चाचा हिशोब असा: 16 दिवसांतून दोन सुट्ट्या वजा जाता 14 दिवसांचे 640 प्रमाणे सहा जणांचे 53,760 होतात. कमिशन 10 टक्के धरलं तर 5,376. जीएसटी 18 टक्के, आणि तो नुसत्या कमिशनवर नाही, पगारासकट पूर्ण बिलावर लागतो. म्हणजे साधारण 10,644. एकूण 69,780. पीएफ-ईएसआय, ओव्हरटाइम आणि ते हजार रुपये यात धरलेले नाहीत. पगारावरच हिशोब करणारे दुकानदार बिल बघून एजन्सीशी भांडतात ते इथेच.

ओव्हरटाइमला दुप्पट दर कायद्याने द्यावा लागतो, म्हणून तासाला 80 चे 160. रात्री साडेनऊनंतर मुलींना थांबवायचं असेल तर त्यांची संमती आणि घरी पोचवायची सोय हवी. आपल्याकडे बऱ्याच जणी पन्हाळा, कागल भागातून एसटीने येतात. शेवटची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशी ती मुलगी येत नाही. गाडीचं काय करणार तेही मेसेजमध्येच लिहा, मला तरी हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मेसेज दसऱ्याच्या आधी पाठवा. आणि एजन्सीला विचारा की कोणी आलं नाही तर बदली माणूस किती वेळात देणार. 'बघू' असं उत्तर आलं तर दुसरी एजन्सी शोधा.