हॅटट्रिक: क्रिकेटमधली आणि फुटबॉलमधली

प्रश्न: मी सामने अधूनमधूनच बघते. क्रिकेटमध्ये लागोपाठ तीन विकेट म्हणजे हॅटट्रिक, एवढं माहीत आहे. पण दुसरी विकेट पडली आणि ओव्हरच संपली तर ती हुकली का? आणि फुटबॉलमध्ये एकाने पहिल्या हाफमध्ये एक आणि शेवटी दोन गोल केले तरी हॅटट्रिक कशी काय म्हणतात? मध्ये तर दुसऱ्यांचेही गोल झालेले असतात.

उत्तर: ओव्हर संपली म्हणून हॅटट्रिक हुकत नाही. क्रिकेटमध्ये ‘लागोपाठ’ हे त्या बोलरच्या स्वतःच्या चेंडूंपुरतं असतं. त्याने टाकलेल्या सलग तीन चेंडूंवर तीन विकेट मिळाल्या, की झालं. मधल्या वेळात दुसऱ्या टोकाने दुसऱ्या कुणी काय टाकलं, किती रन गेले, याचा हिशेबाशी संबंध नाही.

हा नियम किती ताणता येतो, हे १९८८ च्या पर्थ कसोटीत दिसलं. ऑस्ट्रेलियाचा मर्व ह्यूज वेस्ट इंडीजविरुद्ध बोलिंग करत होता. एका ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर त्याने कर्टली अँब्रोजला बाद केलं. पुढची ओव्हर दुसऱ्या टोकाने टिम मेची, आणि त्यात गस लोगी बाद झाला. ही विकेट मेची, ह्यूजच्या खात्यात ती नाही. मग ह्यूज परत आला, पहिल्याच चेंडूवर पॅट्रिक पॅटरसन बाद आणि वेस्ट इंडीजचा डाव खलास. त्यानंतर ऑस्ट्रेलियाची अख्खी बॅटिंग झाली, आठ बाद ३९५ वर त्यांनी डाव घोषित केला. वेस्ट इंडीजचा दुसरा डाव सुरू झाला, ह्यूजने पहिला चेंडू टाकला आणि गॉर्डन ग्रीनिज पायचीत. झाली हॅटट्रिक! तीन वेगवेगळ्या ओव्हर, दोन डाव, मध्ये दुसऱ्याची एक विकेट आणि आपल्याच संघाचा एक पूर्ण डाव; तरी ह्यूजच्या हातून सुटलेले ते तीन चेंडू लागोपाठचेच. त्या क्षणी मैदानावर कुणाच्या हे लक्षातही आलं नव्हतं, खुद्द ह्यूजच्याही नाही. घरी बसून बघणाऱ्याचा गोंधळ उडाला तर त्यात नवल ते काय. गंमत म्हणजे त्याच मालिकेतल्या आधीच्या, ब्रिस्बेनच्या कसोटीत कोर्टनी वॉल्शनेही दोन डावांत मिळून हॅटट्रिक केली होती. डाव दोन चालतात, सामना मात्र एकच हवा.

खरी मेख वेगळ्याच ठिकाणी आहे. पडलेली विकेट बोलरच्या नावावर लागली पाहिजे. त्रिफळा, झेल, पायचीत, यष्टिचीत, हिट विकेट या बोलरच्या विकेट. रनआउट त्याच्या खात्यात जात नाही. समजा पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला, दुसऱ्यावर झेल गेला आणि तिसऱ्यावर रन घेताना फलंदाज रनआउट झाला. तीन चेंडूंत तीन गडी गेले, स्टेडियम डोक्यावर घेतलं जाईल, पण बोलरची हॅटट्रिक झाली नाही. अशा वेळी समालोचक ‘टीम हॅटट्रिक’ म्हणतात. तो बोलीतला शब्द आहे. बोलरच्या विक्रमात त्याची नोंद होत नाही. टीव्हीवर बघताना खूणगाठ सोपी आहे: स्कोअरकार्डवर बाद झालेल्याच्या नावापुढे बोलरचं नाव दिसतंय का, ते बघा.

‘बोलर हॅटट्रिकवर आहे’ असं कधी म्हणतात? लागोपाठ दोन झाल्या आणि पुढचा चेंडू बाकी आहे तेव्हा. त्या चेंडूआधी पडद्यावर बघण्यासारखं असतं. कर्णधार क्षेत्ररक्षकांना बाउंड्रीवरून आत बोलावतो, स्लिपमध्ये गर्दी होते, एकजण शॉर्ट लेगला अगदी बॅटखाली येऊन बसतो. चार रन गेले तरी चालतील, पण बॅटची कड लागली तर झेल सुटता कामा नये, असा हा जुगार असतो. ओव्हर संपल्यामुळे हा चेंडू लांबला, तर पाचेक मिनिटांनी तोच बोलर परत आल्यावर क्षेत्ररक्षक पुन्हा असेच गोळा होतात. आपण मधल्या ओव्हरला चहा करायला उठलेलो असतो, म्हणून ते एकदम कोड्यासारखं वाटतं.

शब्द आला तो क्रिकेटमधूनच, आणि त्यातली हॅट खरीखुरी आहे. १८५८ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन या खेळाडूने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन विकेट घेतल्या. लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट भेट दिली. तिथून हा शब्द रुळल्याचं सांगतात. पुढे तो इतर खेळांत गेला आणि जाताना त्यातलं ‘लागोपाठ’ गळून पडलं, ‘तीन’ तेवढे राहिले.

मला विचाराल तर ते गळणं साहजिकच होतं. क्रिकेट चेंडू-चेंडूने मोजलं जातं, त्यामुळे ‘सलग तीन’ला अर्थ आहे. फुटबॉल वाहता खेळ. त्यात एका खेळाडूच्या ‘सलग तीन संधी’ कशा मोजणार? म्हणून तिथे चौकट एकच, ती म्हणजे सामना. एकाच सामन्यात एकाच खेळाडूचे तीन गोल झाले की हॅटट्रिक. मध्ये कुणीही गोल करो.

२०२२ च्या विश्वचषकाची अंतिम लढत घ्या. फ्रान्सच्या किलियन एम्बापेने ८० व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, ८१ व्या मिनिटाला दुसरा. सामना एक्स्ट्रा टाइममध्ये गेला, १०८ व्या मिनिटाला मेस्सीने अर्जेंटिनाला पुढे नेलं, आणि ११८ व्या मिनिटाला एम्बापेने पुन्हा पेनल्टीवर बरोबरी साधली. मेस्सीचा गोल मध्ये येऊनही हॅटट्रिक पक्की. खेळ सुरू असताना मिळालेल्या पेनल्टीचा गोल धरतात, एक्स्ट्रा टाइममधलाही धरतात. त्यानंतरच्या शूटआउटमध्ये त्याने पहिली किक जाळ्यात मारली, पण ती धरत नाहीत. शूटआउट फक्त निकाल लावण्यासाठी असतं, म्हणून त्या सामन्यात एम्बापेचे गोल तीनच, चार नव्हेत. स्वयंगोलही हॅटट्रिकमध्ये मोजला जात नाही.

फुटबॉलमध्ये ‘परफेक्ट हॅटट्रिक’ असंही ऐकाल. एक गोल उजव्या पायाने, एक डाव्या पायाने, एक डोक्याने, असे तीन. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने नेमके असेच तीन केले: १८ व्या मिनिटाला हेडर, मग थेट एक्स्ट्रा टाइममध्ये १०१ व्या मिनिटाला उजव्या पायाने आणि १२० व्या मिनिटाला डाव्याने. पहिल्या आणि दुसऱ्या गोलमध्ये तब्बल ८३ मिनिटं, आणि त्या दरम्यान दोन्ही संघांनी एकेक गोल केलेला.

उरली वर्तमानपत्रांतली ‘विजयाची हॅटट्रिक’ आणि ‘निवडणुकीत हॅटट्रिक’. तिथे क्रिकेटचाच अर्थ चालतो: मध्ये पराभव न येता ओळीने तीनदा. एखादा उमेदवार दोनदा जिंकून, एकदा पडून, पुन्हा निवडून आला, तर मी त्याला हॅटट्रिक म्हणणार नाही, मथळा कितीही मोठा असो.