चार सर्व्हर आणि एक अडकलेलं पेमेंट

*"मॅडम, मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलंय आणि प्रॉडक्शन सपोर्टसाठी मुलाखती देतोय. परवा विचारलं, 'रात्री पेमेंट फेल झाल्याची तक्रार आली. अ‍ॅप्लिकेशन चार सर्व्हरवर आहे. लॉगमध्ये कसं शोधशील?' मी म्हणालो, प्रत्येक सर्व्हरवर लॉगिन करून grep ने ERROR शोधेन. पुढे काही विचारलंच नाही. माझं काय चुकलं?" – एक विद्यार्थी, सातारा*

चिरंजीव,

मी स्वतः बरीच वर्षं सपोर्टमध्ये काढली आहेत. तुला विचारली तशीच एक रात्र माझ्या वाट्याला आली होती, तीच सांगते.

तक्रार होती रात्री 9:40 ची. चारही सर्व्हरचे लॉग एका जागी, इलास्टिकसर्चमध्ये जमा होत होते आणि किबाना या त्याच्या वेब स्क्रीनवर शोधता येत होते. किबाना उघडल्यावर सहसा शेवटची 15 मिनिटंच दाखवतो, म्हणून आधी वेळ बदलली: 9:35 ते 9:45. मग फिल्टर:

```
service.name : "payment" and http.response.status_code >= 500
```

हजारो ओळींतून पन्नासेक उरल्या. त्या `host.name` प्रमाणे मोजल्या, तर सगळ्या तिसऱ्या सर्व्हरच्या. डेटाबेस चौघांचा एकच होता. तो बंद असता तर चौघेही रडले असते. म्हणजे बिघाड तिसऱ्या सर्व्हरपुरताच होता, आणि हे एकही ओळ नीट न वाचता कळलं. एकेका सर्व्हरवर लॉगिन करून शोधताना ही तुलना सहसा सुटते.

आता एक ओळ जवळून पाहू. वेळ 21:40:42, कोड 500, लागलेला वेळ 30 सेकंदांहून जरासा जास्त. वेब सर्व्हर ही नोंद विनंती संपल्यावर लिहितो. म्हणजे ग्राहकाने बटण दाबलं 21:40:12 ला. शोध त्याच्याही मागे न्यायला हवा. शिवाय नेमके 30 सेकंद दिसले की कुणीतरी वाट बघून कंटाळलंय असं समज, टाइमआउट असे गोल आकड्यांचे असतात. त्या ओळीतला ट्रेस आयडी, म्हणजे एका विनंतीच्या सगळ्या ओळींवर असणारा एकच क्रमांक, उचलला, सर्व्हिसचा आणि कोडचा फिल्टर काढून टाकला आणि फक्त `trace.id` वर शोधलं. त्याच विनंतीची अ‍ॅप्लिकेशनमधली ओळ समोर आली:

```
HikariPool-1 - Connection is not available, request timed out after 30000ms
```

हिकारी म्हणजे जावा अ‍ॅप्लिकेशनमध्ये डेटाबेसची कनेक्शन सांभाळणारा पूल. सेटिंग बदललं नाही तर त्यात जास्तीत जास्त 10 कनेक्शन असतात आणि मागणारा 30 सेकंद थांबतो. दहाही कुणीतरी धरून ठेवली होती. कुणी?

इथे तुझं उत्तर अपुरं पडतं. ERROR शोधून हे कधीच सापडलं नसतं, कारण ज्याने कनेक्शन अडवली त्याला काहीच त्रास नव्हता. मी लेव्हलचा फिल्टर लावलाच नाही. फक्त तिसरा सर्व्हर ठेवला आणि वेळ 9:25 पासून केली. 9:30 ला साधी INFO ओळ: महिन्याचा रिपोर्ट सुरू, 10 थ्रेड. दहा थ्रेड, दहा कनेक्शन. तो जॉब त्याच सर्व्हरवर लावलेला होता. फिल्टर लावून जागा सापडते, पण कारण बऱ्याचदा फिल्टर काढल्यावर दिसतं. मुलाखत घेणाऱ्याला बहुधा हाच क्रम ऐकायचा होता.

वेळेचा एक सापळा मात्र लक्षात ठेव. लॉग साठवले जातात यूटीसीमध्ये, किबाना दाखवतो ब्राउझरच्या वेळेत, म्हणजे आपल्याकडे साडेपाच तास पुढे. एखादा सर्व्हर भारतीय वेळ लिहीत असेल, पण टाइमझोन लिहीत नसेल, तर त्याची 21:40 ची ओळ यूटीसी समजून साठवली जाते आणि तुला दुसऱ्या दिवशी पहाटे 3:10 ला दिसते. चारांतला एक सर्व्हर अगदीच गप्प दिसला तर "त्याच्यावर एररच नाही" असं घाईने म्हणू नकोस. शेवटची वेळ उद्यापर्यंत वाढव. भविष्यातल्या ओळी दिसल्या की चोर सापडला.

सरावासाठी नोकरीची वाट बघायची गरज नाही. इलास्टिकसर्च आणि किबाना डॉकरवर तुझ्या लॅपटॉपवर चालतात (8 जीबी रॅम असेल तर बाकीचं बंद ठेव). किबानासोबत वेब लॉगचा नमुना डेटा मिळतो. तो लोड कर, वेळ पुरेशी मोठी ठेव आणि `response : "503"` शोध. मग त्याच ओळी तासांप्रमाणे आणि होस्टप्रमाणे मोजून बघ. कोणत्या होस्टवर जास्त आहेत आणि त्यांच्या आधीच्या पाच मिनिटांत तिथे काय चाललं होतं, हे वहीत चार वाक्यांत लिही. असे पाच प्रसंग लिहून झाले की मला पाठव, मी वाचेन.