'मीच हिशेब लिहायला घेतला' इंग्रजीत कसं आणायचं?

प्रश्न: "माझ्या भाचीनं अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जासाठी निबंध आधी मराठीत लिहिला. त्यात आहे : 'आईच्या बचत गटाची वही कुणी नीट ठेवत नव्हतं. व्याजाची बेरीज चुकायची, बायका भांडायच्या. शेवटी मीच हिशेब लिहायला घेतला.' आम्ही शेवटच्या वाक्याचं इंग्रजी केलं : 'फायनली आय मायसेल्फ इनिशिएटेड द मेन्टेनन्स ऑफ फायनॅन्शियल रेकॉर्ड्स.' वाचून ती म्हणते, हे मी बोललेच नाही. 'मीच'ला दुसरं काय म्हणायचं?"

भाचीचं बरोबर आहे. 'मीच'मध्ये फुशारकी नाही. दुसरं कुणी करेना म्हणून माझ्यावर आलं, इतकंच ती सांगते आहे. 'आय मायसेल्फ'मध्ये मात्र 'खुद्द मी' असा ताठा येतो.

आपला 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्याप्रमाणे अर्थ फिरवतो. 'मीच हिशेब लिहिला' म्हणजे दुसऱ्या कुणी नाही. 'मी हिशेबच लिहिला' म्हणजे बाकी काही केलं नाही. 'मी हिशेब लिहिलाच' म्हणजे कुणी नको म्हणत असतानाही लिहिला. इंग्रजी माणूस बोलताना हे काम आवाजाच्या आघातावर भागवतो, पण कागदावर आघात दिसत नाही. त्यामुळे तिन्ही वाक्यांची रचनाच वेगळी करावी लागते. तिसऱ्यासाठी शेवटी 'एनीवे' पुरतं, दुसऱ्यासाठी 'ओन्ली'. पहिल्यासाठी 'च'च्या पोटातलं वाक्य उघडं करायचं : 'नोबडी एल्स वूड, सो आय डिड.' शब्द वाढले तरी अर्थात भर पडलेली नाही. जे तिनं एका अक्षरात म्हटलं होतं तेच आहे.

'शेवटी'लाही 'फायनली' चालणार नाही. त्यात एकदाचं जमलं असा सुटकेचा सूर आहे. तिचं 'शेवटी' नाइलाजाचं आहे, म्हणून 'इन द एंड'. 'लिहायला घेतला' हा संयुक्त प्रयोग आहे, त्यात काम अंगावर घेतल्याचा अर्थ आहे. इथे तिनंच दिलेला पुरावा पाहावा : वही 'नीट' ठेवत नव्हतं, म्हणजे वही होती, कुणीतरी कशीबशी लिहितही होतं. म्हणून 'टूक ओव्हर'. वहीच नसती तर 'स्टार्टेड' बरोबर ठरलं असतं.

मला या परिच्छेदात सर्वांत आवडलं ते 'बेरीज चुकायची'. चुकली कुणाची ते तिनं सांगितलं नाही. आईच्या मैत्रिणींवर बोट न ठेवता ती दोष बेरजेवर सोडते. ही तिची सभ्यता आहे आणि तिचा आवाज मला इथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. 'दे मेड एरर्स' केलं की त्या बायका अडाणी ठरतात. 'द इंटरेस्ट नेव्हर केम आऊट राइट' म्हटलं की कर्ता पुन्हा झाकला जातो. 'भांडायच्या'ही साध्या भूतकाळात घालू नका, नाहीतर एकदाच भांडण झाल्यासारखं वाटतं. तिथे 'वूड क्वारल'.

बचत गटाला सरकारी इंग्रजीत 'सेल्फ-हेल्प ग्रुप' म्हणतात, पण अमेरिकी वाचकाला त्यावरून व्यसन किंवा दुःख वाटून घेण्याच्या बैठका आठवण्याचा संभव जास्त. 'सेव्हिंग्ज ग्रुप' लिहा.

सगळं मिळून असं होईल : 'नोबडी केप्ट माय मदर्स सेव्हिंग्ज-ग्रुप बुक प्रॉपर्ली. द इंटरेस्ट नेव्हर केम आऊट राइट, अँड द विमेन वूड क्वारल. इन द एंड, नोबडी एल्स वूड डू इट, सो आय टूक ओव्हर द अकाउंट्स.' तिची तीन वाक्यं तीनच राहिली. ती जोडून एक लांबलचक वाक्य करण्याचा मोह टाळा.

अनेक अमेरिकी कॉलेजांना चालणारा सामाईक अर्ज म्हणजे कॉमन ॲप. त्याच्या मुख्य निबंधाला 650 शब्दांची मर्यादा आहे. मराठीत 'घरातल्या' हा एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतात. त्यामुळे मराठी मजकूर मर्यादेच्या बराच आत असला तरी इंग्रजी बाहेर जाऊ शकतं. मग कात्री लावताना 'नोबडी एल्स वूड' अशी छोटी वाक्यं आधी उडवली जातात, कारण त्यांत 'माहिती' नसते. त्यापेक्षा एखादा अख्खा प्रसंग गाळा.

अर्ज भरताना मजकूर आपलाच असल्याचं विद्यार्थ्याला लिहून द्यावं लागतं, तेव्हा शेवटचा इंग्रजी मसुदा भाचीनंच लिहायला हवा. तुम्ही फक्त तपासा : मूळ मराठी बाजूला ठेवून तिला इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत, आईला सांगते तसं, सांगायला लावा. 'मेन्टेनन्स ऑफ फायनॅन्शियल रेकॉर्ड्स'चं 'आर्थिक नोंदींची देखभाल' झालं, तर ते वाक्य तिचं नाही. 'वही मीच घेतली मग' असं काही आलं, तर त्याला हात लावू नका.