सरकारी रोख्यात पैसे बुडत नाहीत, तरी तोटा होतो तो कसा?

प्रश्न: आईकडे आठ लाख आहेत, सगळे एफडीत. कुणीतरी सरकारी रोखे आणि ट्रेझरी बिल सुचवलं. यात खरंच धोका नसतो का? तीन लाख वर्षभरात कधीही लागू शकतात, बाकीचे पाच वर्षं तरी नकोत.

उत्तर:

पैसे परत न मिळण्याची भीती मनातून काढून टाका. सरकारी रोखा किंवा ट्रेझरी बिल घेणं म्हणजे सरकारला ठरावीक मुदतीचं कर्ज देणं, आणि केंद्र सरकारने रुपयात घेतलेलं कर्ज ते रुपयात फेडणार. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण एका बँकेत एका व्यक्तीमागे पाच लाखांपर्यंतच असतं, इथे तशी मर्यादाच नाही. पण दुसरा एक धोका आहे आणि तो सांगायचा राहून जातो: मुदत संपायच्या आत रोखा विकावा लागला तर त्या दिवशी बाजारात जो भाव असेल तोच मिळतो, आणि तो तुम्ही दिलेल्या पैशांपेक्षा कमी असू शकतो.

हे खरोखर घडलेलं आहे. जुलै २०२१ मध्ये सरकारने दहा वर्षांचा रोखा काढला, यादीत त्याचं नाव 6.10% GS 2031. शंभर रुपयांवर वर्षाला सहा रुपये दहा पैसे व्याज, दर सहा महिन्यांनी निम्मं. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, वाढवायला सुरुवात केली आणि जूनपर्यंत दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा साडेसात टक्क्यांच्या आसपास गेला. बाजारात साडेसात टक्के मिळत असताना सहा टक्क्यांचा रोखा पूर्ण शंभराला कोण घेईल? त्या दराने हिशेब केला तर त्याची किंमत ९१ च्या जवळ येते. म्हणजे कुणी एक लाख घालून वर्षभराने विकला असेल, तर हातात सुमारे ९१,००० आणि वर्षाचं व्याज जवळपास ६,०००. मुद्दलातूनच तीन हजार गेले. सरकारने यात एक पैसाही बुडवला नाही. ज्याने रोखा विकला नाही, त्याला २०३१ मध्ये पूर्ण लाख मिळणारच आहेत.

मुदत जितकी लांब तितकी ही घसरण मोठी. साडेसहा टक्क्यांचा रोखा घ्या आणि बाजारातला दर एक टक्क्याने वाढला असं समजा. दहा वर्षांच्या रोख्याची किंमत शंभरामागे सुमारे सात रुपयांनी उतरते, तीस वर्षांच्या रोख्याची सुमारे बारा रुपयांनी. म्हणून ‘सरकारी रोखे सुरक्षित का’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. पैसे कधी लागणार, हे ठरल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही ते ठरवून सांगितलं आहे, त्यामुळे पुढचं बरंच सोपं झालं.

तीन लाखांसाठी ट्रेझरी बिल घ्या. ही तीन मुदतींची असतात: ९१, १८२ आणि ३६४ दिवस. व्याज वेगळं मिळत नाही. आज कमी किमतीला घ्यायचं आणि मुदत संपली की दर्शनी किंमत घ्यायची. समजा ९१ दिवसांच्या बिलाचा भाव ९८.४० निघाला (दर आठवड्याला बदलतो, हा फक्त हिशेबापुरता). एक लाखाच्या बिलाला ९८,४०० रुपये जातील आणि ९१ दिवसांनी लाख येतील. सोळाशे रुपये म्हणजे दीड टक्क्याच्या वर थोडं, असं पाहून काहीजण नाक मुरडतात. पण हे तीन महिन्यांचं आहे. वार्षिक दर असा काढतात:

(100 − 98.40) ÷ 98.40 × 365 ÷ 91 = 6.52%

एफडीशी तुलना करायची ती या आकड्याची. आणि तुलना कराच, कारण ट्रेझरी बिल दरवेळी एफडीपेक्षा जास्त देतं असं मुळीच नाही.

तीन लाख एकदम एकाच बिलात घालू नका. या महिन्यात एक लाखाचं ९१ दिवसांचं बिल घ्या, पुढच्या महिन्यात दुसरं, त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरं. तोवर उरलेले पैसे बचत खात्यात राहू देत. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला एक लाख सुटा होत जातो. गरज नसेल तर त्याचं पुन्हा बिल घ्या, असेल तर वापरा. मुदतीआधी विकायची वेळ सहसा येत नाही, हा यातला खरा फायदा. कारण विकणं म्हणावं तितकं सोपं नाही. सरकारी रोख्यांचा बाजार बँका आणि विमा कंपन्यांचा आहे, तिथे पाच कोटींच्या आतला व्यवहार ‘ऑड लॉट’, म्हणजे नेहमीच्या मापापेक्षा छोटा, समजला जातो. लाखभराच्या बिलाला गिऱ्हाईक मिळालं तरी भाव थोडा पाडूनच मागतात. त्यामुळे अगदी उद्या दवाखान्यात भरावे लागतील असे पैसे यातही ठेवू नका, तेवढे बचत खात्यातच बरे.

बिलांची दुसरी बाजूही ऐकून घ्या. भाव पडण्याची भीती जवळपास नाही, पण पुढच्या वेळी काय दर मिळेल ते हातात नसतं. २०२१ च्या मध्याला ९१ दिवसांचं बिल साडेतीन टक्क्यांच्या आसपास देत होतं. २०२३ च्या सुरुवातीला तेच साडेसहाच्या वर गेलं. २०२५ मध्ये रेपो दर कमी होत गेला तसं ते पुन्हा खाली आलं. आई महिन्याच्या खर्चासाठी या उत्पन्नावर अवलंबून असेल तर हे चढउतार तिला जाणवतील.

म्हणून उरलेले पाच लाख बिलांत फिरवत बसू नका. ते पाच वर्षं नको आहेत, तर साधारण पाच वर्षांनी मुदत संपणारा रोखा घ्या आणि मुदतीपर्यंत हात लावू नका. साडेसहा टक्क्यांचा असेल तर दर सहा महिन्यांनी १६,२५० रुपये खात्यात येतील आणि शेवटी पाच लाख. मधल्या काळात बाजारात त्याची किंमत खाली दिसली तरी आईला घाबरू देऊ नका. विकायचाच नाही तर त्या आकड्याचा तिच्या पैशांशी संबंध नाही.

इथे एक चूक नेहमी होते. यादीत जुना आठ टक्क्यांचा रोखा दिसतो आणि माणूस हरखून तो घेतो. बाजारात साडेसहा टक्के चालू असताना पाच वर्षं उरलेला आठ टक्क्यांचा रोखा शंभराला कुणी देत नाही, तो १०६ च्या आसपास पडतो. व्याज आठ रुपये मिळेल, पण शेवटी परत येतील शंभरच. ते वरचे सहा रुपये वजा केले की परतावा पुन्हा साडेसहावरच येतो. नावातला आकडा म्हणजे कूपन, तुमची कमाई म्हणजे यील्ड. घेताना यील्डचा रकाना बघा.

खरेदीसाठी एजंट लागत नाही. रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे, पत्ता rbiretaildirect.org.in. पॅन, केवायसीची कागदपत्रं, बचत खातं, मोबाईल आणि ईमेल एवढ्यावर आईच्या नावाने खातं उघडतं. उघडायला आणि चालू ठेवायला शुल्क नाही. किमान दहा हजार, पुढे दहा हजारांच्या पटीत. बिलांचा लिलाव साधारणपणे बुधवारी असतो, दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा शुक्रवारी. तुम्ही फक्त रक्कम सांगायची, भाव नाही. मोठे लोक बोली लावतात आणि त्यांना मिळालेल्या भावाची भारित सरासरी तुम्हाला लागू होते. त्यामुळे भाव चुकीचा लावला म्हणून बोली वाया गेली, असं होत नाही.

माझी पहिली बोली मात्र वाया गेली होती, ती वेगळ्याच कारणाने. बोली नोंदवली आणि पैसे भरायचे दुसऱ्या दिवशी सकाळवर ठेवले. सकाळी यूपीआयची त्या दिवसाची मर्यादा आड आली, दुसरा मार्ग शोधेपर्यंत वेळ टळली आणि बोली रद्द. आठवडाभर थांबावं लागलं. तेव्हापासून मी बोली लावतानाच नेट बँकिंगने पैसे भरतो आणि हे काम मंगळवारीच उरकतो. लिलावाआधी नेमका भाव ठाऊक नसल्याने काही वेळा थोडी जास्त रक्कम घेतली जाते. वरचे पैसे नंतर खात्यात परत येतात, ते आले का हे पाहून घ्या.

यादीत बिलं `91 DTB` अशा नावाने दिसतात आणि त्यापुढे मुदत संपण्याची तारीख असते. ती तारीख डायरीत लिहून ठेवा. त्या दिवशी पैसे जोडलेल्या बँक खात्यात आपोआप येतात, पण पुढची बोली आपोआप लागली असं गृहीत धरू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बिलांसाठी आपोआप बोली लावण्याची सोय जाहीर केली. ती हवी असेल तर स्वतः निवडावी लागते. आईने मधेच बँक बदलली तर पोर्टलवरचं खातंही लगेच बदला. आणि नामनिर्देशन पहिल्याच दिवशी भरा.

कराबाबत गैरसमज फार आहे. सरकारी आहे म्हणून करमुक्त, असं नाही. रोख्याचं व्याज आणि बिलावरचा फायदा दोन्ही आईच्या स्लॅबप्रमाणे करपात्र आहेत. फरक एवढाच की एफडीसारखा यावर टीडीएस कापला जात नाही. म्हणूनच हे उत्पन्न विवरणपत्रात घालायचं राहून जातं. सहामाही व्याज आलं की तिथल्या तिथे टिपून ठेवा.

आणखी एक. आई साठीच्या पुढची असेल तर त्या पाच लाखांसाठी रोख्याआधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा सध्याचा दर बघा. तीही केंद्र सरकारचीच, मुदत पाच वर्षं, मर्यादा तीस लाख, आणि व्याज दर तिमाहीला येतं. तिथला दर पाच वर्षांच्या रोख्याच्या यील्डपेक्षा जास्त असेल तर मी स्वतः पाच लाख तिकडेच ठेवेन आणि रिटेल डायरेक्टचं खातं फक्त बिलांच्या तीन लाखांसाठी वापरेन. एफडी मोडायची घाई करू नका. मुदतीआधी मोडल्यास दंड लागत असेल तर एकेक एफडी पिकू द्या आणि ते पैसे तसतसे इकडे वळवा. पहिली बोली दहा हजारांचीच लावा, म्हणजे पैसे कसे जातात आणि ९१ दिवसांनी कसे परत येतात ते आई स्वतः पासबुकात बघेल.