इडली झाली म्हणजे काय झालं?

प्रश्न: भाचीनं तिच्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या गप्पांचा स्क्रीनशॉट पाठवला आणि लिहिलं, "मावशी, हसून मेले." मला शब्द सगळे कळले, विनोद एकही कळला नाही. यातल्या कशाचा काय अर्थ?

पहिली: प्रेझेंटेशन कसं झालं?
दुसरी: काय स्लाइड, काय ग्राफ, काय फॉन्ट
तिसरी: (कवटीचं चिन्ह)
पहिली: म्हणजे इडली झाली ना
दुसरी: इडली नाही, अख्खा डबा
तिसरी: विषय हार्ड
(खाली चित्र: डावीकडे ओरडणारी बाई, तिच्यावर "मॅम". उजवीकडे जेवणाच्या टेबलाशी पांढरी मांजर, तिच्यावर "फॉन्ट".)

उत्तर: या सहा ओळींत आणि एका चित्रात तीन वेगवेगळ्या वर्तुळांतले संदर्भ एकत्र आले आहेत. काही साऱ्या महाराष्ट्राला माहीत असलेले, काही एका वयाचे किंवा भागाचे, आणि एक फक्त या तिघींचा. वाचणारा गोंधळतो, कारण तिन्ही एकाच सुरात लिहिलेले असतात आणि कुठला शोधून सापडेल, कुठला नाही, हे वरून दिसत नाही.

सोप्यापासून सुरुवात करू. "काय स्लाइड, काय ग्राफ, काय फॉन्ट" हा साचा जून २०२२ मधला. एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेलेले शिवसेनेचे आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात असताना सांगोल्याचे शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" आणि त्यापुढे सगळं "ओकेमधी" आहे, असं ते खुशीत सांगत होते. पाटलांचं कौतुक खरंखुरं होतं. पुढे लोकांनी त्यात तीन नामं बदलून घालायला सुरुवात केली आणि तो खऱ्या कौतुकालाही चालू लागला, टोमण्यालाही. (शहरातल्या पोरांना यात गंमत वाटते ती बरीचशी सांगोल्याच्या बोलीची, हे मला थोडं खटकतं. पण ते असो.)

इथे कौतुक आहे की टोमणा, हे तिसऱ्या नामावरून ओळखावं. कुणाला खरंच प्रेझेंटेशनची स्तुती करायची असती तर यादी फॉन्टवर संपली नसती. फॉन्टचं कौतुक करायची वेळ येते म्हणजे कौतुकासारखं दुसरं काही उरलेलं नसतं. ही दुसरी मुलगी स्वतःच्याच प्रेझेंटेशनची टिंगल करते आहे.

कवटी म्हणजे धोका नाही की मरण नाही. या वयाच्या मुलांत तिचा अर्थ "हसून मेले", म्हणजे भाचीनं तुम्हाला शब्दांत लिहिलं तेच. "विषय हार्ड" हे कोल्हापूरकडच्या बोलण्यातून पसरलेलं. त्यात विषय अवघड असल्याचं कोणी म्हणत नाही. "नाद खुळा" जिथे म्हणतात तिथेच हेही म्हणतात, म्हणजे जबरदस्त, तोड नाही. इथे ती पदवी फजितीला दिली आहे, म्हणून हसायचं.

ओरडणारी बाई आणि मांजर हे जोडचित्र २०१९ पासून जगभर फिरतं आहे. बाई एका अमेरिकन रिअॅलिटी शोमधली आहे, मांजर कॅनडातली, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. पण ते माहीत नसलं तरी काही बिघडत नाही, कारण या चित्रात मूळ प्रसंगाला काही किंमत नाही. किंमत आहे ती जागेला. डावीकडचा आरोप करतो, उजवीकडचा "मी काय केलं?" असा चेहरा करून बसतो. नावं वाचताना एवढंच धरायचं. म्हणजे मॅम ओरडल्या त्या फॉन्टवरून. दुसरीनं फॉन्ट यादीच्या शेवटी का ठेवला, तेही इथे उलगडतं.

आता इडली. ती तुम्हाला कुठल्याही कोशात मिळणार नाही, आणि इंटरनेटवर शोधलीत तर पाककृती येतील. अशा शब्दाचा अर्थ शोधण्याऐवजी त्याच्या आधी काय आलं, नंतर काय आलं, आणि तो कुठल्या रचनेत बसला, हे पाहावं. आधी आली स्वतःची टिंगल. "म्हणजे... ना" ही रचना निष्कर्ष काढून खात्री करून घेण्याची. उत्तरात दुसरीनं "नाही" म्हटलं, पण ते नाकारण्याचं "नाही" नव्हे, वरची पायरी सांगण्याचं आहे. पाऊस पडला का, या प्रश्नावर "पाऊस नाही, ढगफुटी" म्हणावं तसं. तेव्हा इडली हे फजितीचं लहान माप आणि डबा मोठं. एवढं नक्की म्हणता येतं. डबा सांडला होता, की कुणी इडली करायला गेलं आणि दगड झाला, की आणखी काही, हे या ओळींतून निघत नाही. काढायला गेलात तर ती तुमची कथा होईल.

असे शब्द कसे घडतात, यावर हर्बर्ट क्लार्क आणि डीअॅना विल्क्स-गिब्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. दोघांच्या मध्ये आडोसा, प्रत्येकापुढे तीच १२ टॅनग्राम, म्हणजे भौमितिक तुकडे जोडून केलेली चित्रं. एकानं वर्णन करायचं, दुसऱ्यानं त्या क्रमानं चित्रं लावायची, असं सहा वेळा. पहिल्या फेरीत एक चित्र म्हणजे "बर्फावर स्केटिंग करणारा, पण दोन्ही हात पुढे काढलेला माणूस" अशी लांबड लागते. पुढच्या फेऱ्यांत ते आखडत जाऊन नुसता "आइस स्केटर" उरतो. तुमच्या भाचीच्या ग्रुपमध्ये आधी कधीतरी "त्या दिवशी इडलीचं झालं तसं झालं" असं पूर्ण वाक्य असणार. तुमच्या हाती शेवटची फेरी आली.

मागचे सगळे मेसेज वाचले तर कळेल का? बरंचसं, पण त्यांच्याइतकं नाही. मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी १९८९ मध्ये अशा कामात बाजूनं ऐकणाराही ठेवला. सुरुवातीपासून प्रत्येक शब्द ऐकूनही तो प्रत्यक्ष बोलण्यात असलेल्यापेक्षा जास्त चुकला. कारण बोलणारे समोरच्याला कळेपर्यंतच समजावतात आणि समोरचा अडला तर विचारतो. बाजूच्याला अडवून विचारता येत नाही.

एक गोष्ट मात्र स्क्रीनशॉटवरून तपासता येते, ती म्हणजे इडली प्रेमाची आहे की डिवचण्याची. जिची फजिती झाली तिनंच डबा जोडून विनोद वाढवला, म्हणजे तो तिला मान्य आहे. ती गप्प झाली असती किंवा तिनं विषय बदलला असता, तर मी वेगळं म्हटलं असतं. उजवीकडचे फुगे ज्याच्या फोनवरून स्क्रीनशॉट घेतला त्याचे असतात, तेव्हा या तिघींत भाची कोण, तेही पाहून घ्या. आणि वर-खाली काय कापलं आहे ते आपल्याला दिसत नाही, हे धरूनच हे सगळं.

भाचीला "इडली म्हणजे काय गं?" असं विचारलंत तर "काही नाही गं मावशी" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा "पहिली इडली कुणाची झाली होती?" असं विचारून पाहा.