चार हजारांची उचल कशासाठी घेतली?

"बार्शीत किराणा दुकानात कामाला आहे. वय २७, घरी आई, बायको, मुलगी. रोज ४५० रुपये, दुकान रविवारीही चालू असतं. मागच्या ३० दिवसांच्या महिन्यात एका रविवारी खाडा झाला. विम्याच्या पॉलिसीचा पहिला तिमाही हप्ता भरायला ४,००० उचल घेतली होती. हातात ८,६०० आले. शेठचा हिशेब बरोबर आहे का? पॉलिसीचा कागद दोन आठवड्यांपूर्वी आला. एजंट म्हणतो, १५ वर्षांत भरलेले पैसे दुप्पट, वर दोन लाखांचा विमा."

हिशेब चुकला आहे. २९ हजेऱ्यांचे १३,०५० होतात, उचल वजा जाता ९,०५० मिळायला हवे होते. फरक बरोबर एका रोजाचा आहे, म्हणजे घोळ उचलीत नसून हजेरीत आहे. एका खाड्याला दोन दिवस कापले गेले. गैरहजेरीची कपात गैरहजेरीपुरतीच करता येते. शेठची वही समोर ठेवून तारखा एकेक करून वाचा. यापुढे रोजची हजेरी स्वतःही लिहा आणि उचल घेतली की त्याच दिवशी तारीख, रक्कम लिहून शेठची सही घ्या.

पण साडेचारशे रुपये ही लहान गोष्ट आहे. तुमचं खरं नुकसान त्या हप्त्यात आहे. वर्षाला १६,००० म्हणजे तुमच्या महिन्याभराच्या कमाईहून जास्त रक्कम. १५ वर्षांत २,४०,००० भराल. अशा पॉलिसीतून वर्षाला साधारण पाच टक्क्यांच्या आसपास सुटतं, म्हणजे शेवटी साडेतीन लाखांच्या जवळपास. दुप्पट म्हणजे ४,८०,०००, ते विसरा. उचल काढून पहिला हप्ता भरणाऱ्या माणसाला ही पॉलिसी विकायलाच नको होती. पुढचा हप्ता चुकला आणि सवलतीचे दिवसही गेले, तर पॉलिसी बंद पडते आणि वर्षभराचेही हप्ते भरले नसल्याने हाती काही येत नाही.

सुदैवाने वेळ आहे. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, त्याला 'फ्री लूक' म्हणतात. अर्ज एजंटकडे देऊ नका, तो दिवस घालवेल. मूळ कागद, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि लेखी अर्ज घेऊन कंपनीच्या शाखेत जा, तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. स्टॅम्प, झालीच असेल तर वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी रक्कम मिळते.

घरच्यांना विमा हवाच. तुमच्या बचत खात्याच्या बँकेत जीवन ज्योती योजनेचा फॉर्म भरा: वर्षाला ४३६ रुपये, मृत्यू झाल्यास दोन लाख. पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूलाच पैसे मिळतात, म्हणून उशीर करू नका. सोबत सुरक्षा विमा, २० रुपयांत अपघाताचे दोन लाख. दोन्ही हप्ते मेअखेरीस खात्यातून कापले जातात, तेव्हा खात्यात पाचशे रुपये राहू द्या, नाहीतर विमा तुटेल.

परत आलेले पैसे त्याच खात्यात ठेवा आणि पगाराच्या दिवशी त्यात हजार रुपये टाकत राहा. १३,००० जमेपर्यंत दुसरी कुठलीही योजना घेऊ नका. आजारपण आलं, दुकान बंद राहिलं, तर आधी हे पैसे काढा, उचल मागू नका.