कायम झाल्याचे पत्र: कौतुक कसे लिहावे, उद्दिष्टे कशी ठरवावी

प्रश्न: माझे सहा महिन्यांचे प्रोबेशन संपून दोन महिने झाले, पत्र नाही. मित्र म्हणतो, मुदत उलटली की माणूस आपोआप कायम होतो. खरे का?

मित्राने तुमचे नेमणूकपत्र वाचले आहे का? काही पत्रांत ‘लेखी कळवेपर्यंत प्रोबेशन चालू राहील’ असे असते, काहींत मुदत संपताच कायम समजले जाईल असे. उत्तर तिथे आहे आणि तुम्हाला लागू असलेल्या कायद्यात आहे, मित्राकडे नाही. आजच एचआरला मेल करा: मुदत अमुक तारखेला संपली, निर्णय लेखी कळवावा. ‘साहेब सहीला बसले नाहीत’ हे दोन महिने ऐकून घ्यायचे कारण नाही. नेमणूकपत्रात याबद्दल काहीच नसेल, तर ते कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.

प्रश्न: पत्रावर मॅनेजरची सही चालेल का?

नेमणूकपत्रावर सही करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याची घ्या.

प्रश्न: माझ्या टीममधल्या मुलीला कायम करायचे आहे. ती पुरवठादारांची बिले बघते. नेटवर नमुना मिळाला: ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळून काम करणारी’, आणि पुढच्या वर्षासाठी ‘कामाचा दर्जा व वेग वाढवावा’. नाव बदलून पाठवू का?

नका पाठवू. हे नमुने कोणालाही चालतील असे लिहिलेले असतात, म्हणून ते कोणाबद्दलच काही सांगत नाहीत. विकत मिळणारे ‘शंभर तयार पत्रांचे’ संचही तसलेच.

आधी गुण. ‘मेहनती’ लिहून तिला काय कळणार? सहा महिन्यांत तिने केलेली एक गोष्ट आठवा. समजा, एकाच मालाची दोन बिले वेगवेगळ्या क्रमांकांनी आली आणि तिने पैसे जाण्याआधी ती पकडली. मग लिहा: ‘बिल, खरेदी ऑर्डर आणि माल मिळाल्याची पावती तुम्ही जुळवून पाहता, त्यामुळे एका पुरवठादाराला दुसऱ्यांदा जाणारी रक्कम थांबली.’ यातून तिला नेमके काय चालू ठेवायचे ते कळते. कौतुक खरे तेवढेच करा. ‘उत्कृष्ट कामगिरी’ लिहून आठ महिन्यांनी सुमार काम म्हणून नोटीस दिलीत, तर पहिला कागद तुमच्याच विरोधात उभा राहील.

आता उद्दिष्टे. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो, आणि वर्षअखेरीला त्यावरूनच भांडणे होतात. ‘वेग वाढवावा’ म्हणजे कुठून कुठे? समजा, आज बिल हाती आल्यापासून मंजुरीला जायला सरासरी बारा कामाचे दिवस लागतात. मग लिहा: ‘सहा महिन्यांत ही सरासरी आठ दिवसांवर आणावी; मोजणी बिलांच्या नोंदवहीतून, दर महिन्याअखेर.’ पण थांबा. त्या बारांपैकी पाच दिवस गोदामातून पावती यायलाच लागत असतील, तर तिच्या हातात सातच उरतात. अशा वेळी मोजणी पावती आल्यापासून करा आणि आकडा सातावरून चारावर ठेवा. गोदामाचा उशीर तिच्या नावावर टाकू नका. तो सोडवणे तुमचे काम, आणि ते तुम्ही करणार असाल तर तसे पत्रात लिहा.

फक्त वेग मागितलात तर ती जुळवणी सोडून देईल, म्हणजे ज्या गुणाचे कौतुक केलेत तोच जाईल. म्हणून शेजारी दुसरे उद्दिष्ट हवे: दुबार किंवा चुकीच्या रकमेचे एकही बिल मंजुरीला जाऊ नये. तिसरे, हवे असल्यास, एका सहकाऱ्याला हे काम शिकवणे. एवढे पुरे. मधल्या आढाव्याचा महिना लिहा, आणि पत्र देण्याआधी तिच्याशी बसून आकडे तपासा. बढतीचे किंवा पगारवाढीचे आश्वासन मात्र वरिष्ठांना विचारल्याशिवाय घालू नका.

प्रश्न: ‘उद्दिष्टे पूर्ण न झाल्यास कायम केल्याचा निर्णय रद्द होईल’ असे वाक्य टाकावे का?

म्हणजे कायम केलेच नाही. शंका असेल तर नियमांत बसत असल्यास प्रोबेशन वाढवा. मुदत संपण्याआधी, लेखी, कारण देऊन. कायम करणार असाल तर तारीख स्पष्ट लिहा आणि उद्दिष्टे वेगळ्या परिच्छेदात किंवा सोबतच्या कागदावर ठेवा. असे वाक्य आधीच कुणाच्या पत्रात गेले असेल, तर पुढचे पाऊल वकिलाला विचारूनच उचला.

प्रश्न: उद्दिष्टे मला पटलेली नाहीत. पत्रावर सही करू का?

सहीच्या वर काय छापले आहे ते आधी वाचा. ‘पत्र मिळाले’ असेल तर तारीख घालून करा आणि हरकत त्याच दिवशी वेगळ्या मेलने कळवा. ‘सर्व अटी मान्य’ असेल तर आधी एचआरशी बोला. नोटीस पिरियड बदलला आहे का तेही पाहा. कायम झाल्यावर तो बहुधा वाढतो, आणि लोक ते राजीनाम्याच्या दिवशी वाचतात.